एक कोटी साठ लाखांत एक चूक

मुंबईच्या डबेवाल्यांबद्दल तुम्ही एकच गोष्ट ऐकली असेल, तर ती बहुतेक हीच असेल: एक कोटी साठ लाख डब्यांमागे त्यांची एक चूक होते. त्याच्या जोडीला दुसरं वाक्य येतं, की अमेरिकेच्या 'फोर्ब्ज' मासिकाने त्यांना 'सिक्स सिग्मा' प्रमाणपत्र दिलं आहे. मी ही दोन्ही वाक्यं पहिल्यांदा कॉलेजात असताना व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका शिबिरात ऐकली. नंतर ती व्हॉट्सॲपवर आली, स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या नोट्समध्ये आली, एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनीही ऐकवली.

मी जानेफळचा, म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातला. तालुक्यातल्याच एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात कंत्राटी लिपिक आहे. दरवर्षी मुदतवाढीच्या अर्जाला वर्षभराच्या कामाचा अहवाल जोडावा लागतो आणि त्यात एक रकाना असतो: 'कामाचा झालेला परिणाम, आकडेवारीसह'. ज्याच्याकडे विक्रीचं काम आहे त्याला हा रकाना सोपा. आमचं काम म्हणजे बोनाफाईड काढणं, शाळा सोडल्याचे दाखले लिहिणं, शिष्यवृत्तीच्या अर्जांना कागद जोडणं, आलेल्या पत्रांना उत्तरं देणं. हे सगळं सुरळीत झालं तर काहीच घडत नाही. अडलं तरच कुणाच्या तरी लक्षात येतं. मग परिणाम म्हणून लिहायचं काय?

म्हणून मला डबेवाल्यांचा आकडा आठवला. त्यांचं कामही याच जातीचं आहे. डबा वेळेवर आला तर त्या दिवशी काही विशेष झालं नाही, असंच खाणारा म्हणेल. तरीही त्यांच्याकडे एवढा झगझगीत आकडा होता. त्यांनी तो काढला कसा, हे शोधायला गेलो, तेव्हा त्या आकड्याचा छोटासा इतिहास हाती लागला. आपल्या कामात आकडे कमी असतील, तर तो माहीत असावा असा आहे.

डब्याचा रस्ता

आधी काम काय आहे ते पाहू. मुंबईत डबे पोचवण्याची ही पद्धत १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केली असं मानलं जातं. डबेवाले बहुतांश पुणे जिल्ह्यातल्या मावळ, मुळशी, राजगुरुनगर, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेले. १९५६ मध्ये त्यांच्या ट्रस्टची नोंदणी झाली आणि १९६८ मध्ये मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स असोसिएशन उभी राहिली.

सकाळी डबेवाला ठरलेल्या घरांतून डबे गोळा करतो. एका माणसाकडे साधारण तीस-चाळीस डबे. ते सायकलीवरून जवळच्या लोकल स्टेशनवर येतात आणि तिथे त्यांची पहिली वाटणी होते, कारण एकाच गल्लीतले डबे शहराच्या वेगवेगळ्या टोकांना जायचे असतात. मग लोकलच्या सामानाच्या डब्यातून प्रवास, उतरायच्या स्टेशनवर पुन्हा वाटणी, आणि शेवटी हातगाडीवरून किंवा डोक्यावरून कचेरीपर्यंत. दुपारी रिकामा डबा त्याच रस्त्याने उलटा घरी. जाताना एक डबा तीन-चार किंवा त्याहून जास्त हातांतून जातो.

हे सगळं झाकणावर रंगवलेल्या खुणांवर चालतं. मधला मोठा आकडा डबा कुठल्या भागात उतरायचा ते सांगतो. कडेचे आकडे आणि अक्षरं पोचवणारा माणूस, इमारत आणि मजला सांगतात. आणखी एक खूण डबा कुठल्या स्टेशनवरून निघाला ते सांगते, म्हणजे परतीला तो बरोबर घरी जाईल. झाकणावर ग्राहकाचं नाव किंवा पूर्ण पत्ता नसतो. शेवटच्या टप्प्याचा माणूस आपली माणसं ओळखतो, म्हणून एवढ्यावर भागतं.

साधारण वीस-पंचवीस जणांचा एक गट असतो आणि त्याचा एक मुकादम. गटाचे ग्राहक, गटाची कमाई आणि गटाची भांडणं गटातच मिटतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे आकड्याच्या बाबतीत ती महत्त्वाची ठरते.

एक प्रश्न, एक उत्तर, एक गुणाकार

१९९८ मध्ये 'फोर्ब्ज ग्लोबल'मध्ये सुब्रत चक्रवर्ती यांनी डबेवाल्यांवर लेख लिहिला. पुढे 'फोर्ब्जने सिक्स सिग्मा दिलं' ही कथा जगभर फिरली, तेव्हा चक्रवर्तींना त्याबद्दल विचारलं गेलं. त्यांनी सरळ सांगितलं की फोर्ब्जने असं कुठलंही प्रमाणपत्र दिलेलं नाही, आणि आपण लेखात ते शब्द वापरलेही नव्हते. आकडा कसा आला, तेही त्यांनी सांगितलं. त्यांनी संघटनेच्या प्रमुखांना विचारलं होतं, की तुमच्याकडून चूक किती वेळा होते? उत्तर आलं: जवळजवळ होतच नाही, दोन महिन्यांतून एखादी. बाकीचा हिशेब चक्रवर्तींनी केला. तो ८० लाखांत एक असा आला, आणि रिकामा डबा परतही जातो म्हणून दुप्पट, १ कोटी ६० लाखांत एक.

म्हणजे जगप्रसिद्ध आकड्यामागे एक प्रश्न, एक तोंडी उत्तर आणि एक गुणाकार आहे. आपणही तो करून पाहू. त्या वेळी रोजचे डबे साधारण १ लाख ७५ हजार धरले होते. ८० लाखांना १ लाख ७५ हजारांनी भागलं की साधारण ४६ येतात. दोन महिन्यांत कामाचे ४६ दिवस, ठीक वाटतं. १,७५,००० गुणिले ४६ म्हणजे ८० लाख ५० हजार. त्याची दुप्पट १ कोटी ६१ लाख. गणित बरोबर आहे.

आता त्यातला एकेक भाग हलवून बघा. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये २०१२ साली स्टीफन थॉमके यांनी डबेवाल्यांवर लिहिलं, तेव्हा त्यांनी रोजचे डबे १ लाख ३० हजार धरले. इतरत्र २ लाखही वाचायला मिळतात. १ लाख ३० हजार धरले तर दोन महिन्यांत जाऊन-येऊन सुमारे १ कोटी २० लाख फेऱ्या होतात. आकडा एक चतुर्थांशाने घटला, पण आब तोच राहिला.

आता खालची संख्या तशीच ठेवा आणि वरची हलवा. दोन महिन्यांतून एखादी चूक, या उत्तरात प्रमुखांच्या कानावर न आलेली आणखी एकच चूक मिळवा. १ कोटी ६० लाखांचा आकडा तत्क्षणी ८० लाखांवर येतो. आणखी दोन मिळवल्या तर ४० लाखांवर. लाखो डब्यांची मोजणी इकडेतिकडे झाल्याने जेवढा फरक पडत नाही, तेवढा फरक एका विसरलेल्या चुकीने पडतो.

जिथे चुका फार कमी असतात, तिथे सगळा आकडा त्या मोजक्या चुकांच्या नोंदीवर उभा असतो. इथे ती नोंद म्हणजे एका माणसाची आठवण होती. मी वर गटाबद्दल सांगितलं ते यासाठी. डबा चुकला तर ग्राहक आधी आपल्या डबेवाल्याला बोलणार, फार तर मुकादमाला. तिथे डबा शोधून दिला, माफी मागितली, की विषय संपला. संघटनेच्या प्रमुखाच्या कानावर जी चूक जाते, ती खाली न मिटलेली असते. त्यांनी खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. आपल्यापर्यंत जेवढं पोचतं तेवढं त्यांनी सांगितलं. मात्र 'चुका किती झाल्या' आणि 'वरपर्यंत किती चुका पोचल्या' या दोन वेगळ्या संख्या आहेत, आणि गुणाकार करताना दुसरी संख्या पहिलीच्या जागी बसली.

शिवाय चूक कशाला म्हणायचं, हेही ठरलेलं नव्हतं. दोन डब्यांची अदलाबदल झाली तर दोन माणसं चुकीचं जेवतात, मग ती एक चूक की दोन? डबा योग्य जागी पण पाऊण तास उशिरा आला तर? संध्याकाळी रिकामा डबा दुसऱ्याच घरी गेला तर? परतीची फेरी मोजून खालची संख्या दुप्पट केली, पण परतीच्या चुकांबद्दल वेगळं विचारल्याचं त्या हिशेबात दिसत नाही.

बिल्ला कुणी लावला

'सिक्स सिग्मा' ही मोटोरोला कंपनीत १९८६ च्या सुमारास आकाराला आलेली, दोष कमी करण्याची पद्धत आहे. तिच्याशी जोडलेला प्रसिद्ध आकडा म्हणजे दहा लाख संधींमागे ३.४ दोष. पद्धतीचा गाभा असा की आधी दोष म्हणजे काय ते ठरवायचं, मग ते मोजायचे, कारणं शोधायची, बदल करायचा आणि पुन्हा मोजायचं. चक्रवर्तींच्या लेखातला आकडा ३.४ पेक्षा कितीतरी चांगला दिसत होता, म्हणून कुणीतरी तो बिल्ला त्याला चिकटवला आणि पुढे तो निघाला नाही.

या जागी मी कागदावर एक हिशेब केला आणि थोडा वेळ त्याकडे बघत बसलो. ३.४ चा निकष डबेवाल्यांना लावला तर किती चुका चालतील? दोन महिन्यांच्या १ कोटी ६० लाख फेऱ्यांमागे साधारण ५४. कामाचे दिवस ४६. म्हणजे साऱ्या मुंबईत मिळून रोज एक डबा चुकला, तरी ते या निकषात बसतात. 'रोज एक' आणि 'दोन महिन्यांतून एक' यांत जवळपास पन्नास पटींचा फरक आहे, आणि दोन्ही आकडे सारखेच चकाकतात. साडेतीन लाख फेऱ्यांत रोज एक चूक हे काम अफाटच आहे. ते सांगायला १ कोटी ६० लाखांची गरज नव्हती. गरज होती ती प्रत्येक मुकादमाकडे शंभर पानी वहीची.

त्या वहीने काय सिद्ध झालं असतं, तेही काढता येतं. संख्याशास्त्रात तीनचा नियम म्हणून एक सोपा ठोकताळा आहे. तुम्ही काही कामं एकेक करून तपासली आणि एकही चूक सापडली नाही, तर शून्य चुका असा दावा करता येत नाही, कारण पुढच्याच कामात ती निघू शकते. पण तपासलेल्या कामांच्या संख्येला तीनने भागा. त्या संख्येमागे एक, यापेक्षा चुकांचं प्रमाण जास्त नाही, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. तीनशे कामं तपासली, चूक नाही, तर शंभरात एकापेक्षा कमी. अट एवढीच की कामं खरोखर तपासलेली हवीत. तक्रार आली नाही म्हणून बरोबर धरलेली चालत नाहीत.

हा नियम एका डबेवाल्याला लावू. त्याचे ३५ डबे, जाऊन-येऊन ७० फेऱ्या. महिन्याला २५ दिवस धरले तर वर्षाला २१ हजार फेऱ्या. वर्षभर त्याने रोज वहीत लिहिलं आणि एकही चूक निघाली नाही, तर त्याला हक्काने सांगता येईल: माझ्या सात हजार फेऱ्यांमागे एकापेक्षा कमी चूक होते. कोटींच्या आकड्यापुढे हा आकडा लहान दिसतो. पण तो त्याचा स्वतःचा आहे. कुणी विचारलं तर तो वही उघडून दाखवू शकतो.

चूक कमी, म्हणजे परिणाम झाला?

आणखी एक गोष्ट या आकड्याने झाकली. चुकांचं प्रमाण काम किती नीट झालं ते सांगतं. त्या कामाने कुणाचं काय बदललं, ते सांगत नाही. समजा डबेवाल्यांच्या चुका शून्य झाल्या, पण ग्राहकच उरले नाहीत. चुकांचा आकडा अधिकच सुंदर दिसेल. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कचेऱ्या बंद झाल्या, डबे थांबले आणि कितीतरी डबेवाले गावाकडे परतले. त्या महिन्यांत एकही डबा चुकीच्या ठिकाणी गेला नाही.

परिणामाचा आकडा त्यांच्याकडे होता, फक्त तो कुणी विचारला नाही. डबेवाल्याला ग्राहकाकडून दर महिन्याला पैसे घ्यावे लागतात आणि गटात त्यांची वाटणी करावी लागते. त्यासाठी या महिन्यात किती डबे होते, नवे किती आले, किती सुटले, हे गटाला माहीत असावंच लागतं. आदल्या महिन्यातल्या शंभर ग्राहकांपैकी किती जणांनी या महिन्यात पुन्हा पैसे दिले, ही संख्या परिणामाच्या जास्त जवळची आहे. कारण डबा उशिरा आला, सांडला, बदलला, किंवा त्याची गरजच संपली, काहीही झालं तरी ग्राहक शेवटी तिथेच बोलतो.

हे लक्षात आल्यावर मी माझ्या रकान्याकडे वळलो. ज्या कामात आकडे नाहीत असं वाटतं, तिथे दुसऱ्याच कारणासाठी काहीतरी लिहिलं जात असतं. डबेवाल्यांकडे ते पैशांसाठी. कारकुनाकडे ते जबाबदारीसाठी: कागद कुणाकडे होता आणि कधीपासून.

आवक-जावक

कोणत्याही कार्यालयात आवक नोंदवही आणि जावक नोंदवही असते. आवकमध्ये अर्ज आल्याची तारीख, अर्जदाराचं नाव आणि विषय. जावकमध्ये उत्तर किंवा दाखला गेल्याची तारीख. सरकारी कार्यालयांत त्यासोबत प्रत्येक कारकुनाची कार्यविवरण नोंदवही असते आणि तिचा गोषवारा काढतात: मागची शिल्लक, नवीन आलेली, एकूण, निकाली काढलेली, उरलेली शिल्लक. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची रचना आणि कागदांची मांडणी नव्याने लावून दिली. ती 'लखीना पॅटर्न' म्हणून राज्यभर गेली. जुने कारकून अजूनही त्या नावाने बोलतात. तेव्हा कारकुनाकडे आकडे नाहीत, हे मुळात खरंच नव्हतं.

पण याच गोषवाऱ्यात डबेवाल्यांच्या आकड्यासारखी एक फट आहे. ती 'निकाली' या शब्दात आहे. अर्जाला एक कागद कमी आहे म्हणून तो त्रुटी काढून परत केला, तर तो माझ्या टेबलावरून गेला. गोषवाऱ्यात तो निकाली दिसू शकतो. अर्जदार पुढच्या आठवड्यात तो कागद घेऊन आला, की नवीन अर्ज म्हणून आवकला चढतो आणि दाखला दिल्यावर दुसऱ्यांदा निकाली होतो. एका माणसाचं एक काम, माझ्या खात्यात निकाली प्रकरणं दोन. मी जितके जास्त अर्ज परत करेन, तितका माझा आकडा वाढेल. खिडकीशी उभा असलेला एखादा म्हातारा म्हणतो, "भाऊ, हे माही तिसरी चक्कर व्हय," तेव्हा त्याच्या तीन चकरा माझ्या गोषवाऱ्यात तीन कामं म्हणून बसलेल्या असतात.

ही फट शोधायची युक्ती सोपी आहे. आवक नोंदवहीत एकच नाव आणि एकच विषय महिन्याभरात दोनदा आला आहे का, ते बघायचं. पेन्सिलीने बाजूला खूण करत गेलं की दोन महिन्यांची वही एका दुपारी होते. मी मोजायला सुरुवात केली ती इथून: पहिल्याच फेरीत काम झालेले अर्जदार किती, आणि पुन्हा यावं लागलेले किती.

पद्धत एका उदाहरणाने सांगतो. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल आणि कल्पित धरले आहेत. जून-जुलै हा दाखल्यांचा हंगाम. समजा मागच्या वर्षी या दोन महिन्यांत १०० जणांनी शाळा सोडल्याचा दाखला मागितला आणि त्यांतले ३५ जण दुसऱ्यांदा आले. परत पाठवण्याची कारणं शेऱ्यात लिहिलेली असतात. ती वाचल्यावर दिसलं की ३५ पैकी २५ जण एकाच कारणाने परतले: कुणी आधारची प्रत आणली नव्हती, कुणी जुन्या शाळेचा रजिस्टर क्रमांक. मग या वर्षी मे महिन्यात काय काय आणायचं त्याची यादी मोठ्या अक्षरांत खिडकीबाहेर लावली आणि वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली. या वर्षी पुन्हा १०० जण आले आणि त्यांतल्या १२ जणांना दुसरी चक्कर पडली.

आता अहवालात काय लिहायचं? 'कार्यक्षमता ६६ टक्के वाढली' असं लिहायचा मोह होतो, कारण ३५ वरून १२ म्हणजे तेवढी घट. पण तो आकडा वहीपासून तुटतो. वाचणाऱ्याला कळत नाही की कशाची कार्यक्षमता आणि कितीपैकी. त्यापेक्षा 'शंभरपैकी ३५ जणांना दुसऱ्यांदा यावं लागत होतं, आता १२ जणांना यावं लागतं' हे वाक्य जसंच्या तसं लिहावं. संख्या लहान असतील तर हे आणखी महत्त्वाचं. दहापैकी चारचे दोन झाले, तर 'निम्म्याने घट' म्हणता येतं खरं, पण पुढच्या वर्षी दोन विसराळू माणसं जास्त आली की ती घट गेली. दहाबारा अर्जांवरून टक्केवारी काढूच नये.

दुसरी खबरदारी तुलनेची. जून-जुलैची तुलना मागच्या जून-जुलैशीच करावी. डिसेंबरशी केली तर गर्दी कमी असल्याचं श्रेय यादीला जाईल. आणि मधल्या काळात दुसरं काय बदललं तेही तपासावं. एखादा कागद मागायचाच बंद झाला असेल, किंवा अर्ज ऑनलाइन भरायची सोय झाली असेल, तर चकरा कमी होण्यात त्याचा वाटा असेल. तो वाटा वेगळा काढता येत नसेल, तर निदान सोबत नोंदवावा.

तिसरी खबरदारी, तो बदल माझा एकट्याचा किती. यादी मी केली, खिडकीबाहेर लावली शिपायाने, ग्रुपवर टाकली वर्गशिक्षकांनी. अहवालात 'मी २३ चकरा वाचवल्या' लिहिणं आणि 'यादी तयार करण्याचं काम माझ्याकडे होतं' लिहिणं, यांतलं दुसरं वाक्य उलटतपासणीत टिकतं.

दिवसांचा आकडाही याच दोन वह्यांतून निघतो. आवकची तारीख आणि जावकची तारीख यांतलं अंतर. इथे सरासरी फसवते. नव्वद दाखले दोन दिवसांत गेले आणि दहा दाखले जुनी नोंद सापडेना म्हणून साठ दिवस अडकले, तर सरासरी जवळजवळ आठ दिवस येते. आठ दिवसांत दाखला मिळालेला एकही माणूस त्यात नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्यात: शंभरपैकी नव्वद जणांना दोन दिवसांत मिळाला, आणि दहा जण साठ दिवस थांबले, त्याचं कारण अमुक. सरकारी सेवांसाठी २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने हे काम सोपं केलं आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिलेली असते, त्यामुळे मुदतीत किती आणि मुदतीबाहेर किती, एवढंच मोजायचं. मात्र परत केलेला अर्ज मुदतीत बसला म्हणून मोजला आहे का, हे तिथेही बघावं लागतं.

या सगळ्यानंतरही मोजता न येणारं बरंच उरतं. घाबरलेल्या पोराला खुर्ची देऊन नीट समजावणं, चुकीच्या जन्मतारखेचा दाखला सही होण्याआधी पकडणं. यांतल्या दुसऱ्या गोष्टीची निदान नोंद करता येते: सहीआधी पकडलेल्या चुका, तारीख आणि नोंद क्रमांक टाकून, वहीच्या मागच्या पानावर. वर्षाअखेर त्या सात निघाल्या तर सात लिहायच्या. पहिल्या गोष्टीला आकडा चिकटवायला गेलो, तर तो आठवणीतून काढावा लागेल, आणि आठवणीतून काढलेल्या आकड्याचं काय होतं ते आपण वर पाहिलं. ती साध्या वाक्यात लिहावी, नाहीतर सोडून द्यावी.

आता अहवालाच्या त्या रकान्यात मी चार गोष्टी लिहितो: कितीपैकी किती, कोणत्या दोन महिन्यांत, कोणत्या नोंदवहीतून, आणि त्यात माझं काम कोणतं होतं. खाली आवक क्रमांक टाकतो, कुठून कुठपर्यंत, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला तेवढी पानं उघडून बघता येतील.